पासवर्ड चुकीचा आहे

मास्तरांचा टीव्ही रुसला, तोही नेमका बायको घरात नसताना.

बायको धाकट्या बहिणीकडे गेली होती. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि तिला उठवायला-बसवायला घरचं माणूस हवं होतं. मुलगा नोकरीपायी परगावी, महिन्यातून एकदा उगवायचा. घरात उरली दोनच माणसं, मास्तर आणि त्यांची सून. वरच्या मजल्यावर मास्तर आणि टीव्ही, खालच्या खोलीत सून आणि तिचा लॅपटॉप. जिन्याखालच्या फळीवर दोघांनाही इंटरनेट पुरवणारा राउटर दिवे मिचकावत बसलेला.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, बँडमास्तर. शहरातल्या मोठ्या बागेत रविवारी संध्याकाळी जो बँड वाजतो, त्यात त्यांनी उभं आयुष्य काढलं. आधी ट्रम्पेट वाजवला, मग हातात छडी घेऊन इतरांकडून वाजवून घेतलं. निवृत्त झाले तेव्हा बँडवाल्यांनी वर्गणी काढून त्यांना एक टीव्ही दिला. तेव्हा तो अगदी नव्या तऱ्हेचा होता, थेट इंटरनेटला जोडता येणारा. मास्तरांनी ट्रम्पेट कपाटावर टाकला, टीव्हीसमोर आरामखुर्ची ओढली आणि जगभरातल्या बँडच्या स्पर्धा बघायला सुरुवात केली. कुठे खाणकामगारांचे बँड, कुठे अग्निशामक दलाचे, कुठे शाळकरी पोरींचे. मास्तर हातातल्या रिमोटने ताल धरायचे आणि चुकलेल्या माणसाला नाव घेऊन नाही तरी वाद्य घेऊन शिव्या द्यायचे. "अरे ट्रॉम्बोन, झोपलास का?"

आवाज अर्थात मोठा. बँड हळू आवाजात ऐकणं म्हणजे समुद्र तांब्यात बघणं, असं त्यांचं मत होतं.

सुनेने याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. फक्त एकदाच ती जिन्यात येऊन म्हणाली होती, "बाबा, आज वरिष्ठांबरोबर मीटिंग आहे. तासभर जरा आवाज कमी ठेवाल?" मास्तरांनी लगेच कमी केला होता. बोलणं तिथेच संपलं होतं.

पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी सून हातात एक चिठ्ठी घेऊन वर आली.

"बाबा, ऑफिसचं फर्मान आलंय. घरून काम करणाऱ्यांनी आपलं वाय-फाय घट्ट करायचं. आमच्याकडे लोकांच्या आजारपणाचे रिपोर्ट असतात ना, ते बाहेर फुटता कामा नयेत. मी काल रात्री पासवर्ड बदललाय. तुमच्या फोनमध्ये मी घालून देते, आणि टीव्हीसाठी हा कागद. घालता येईल ना? माझी मीटिंग सुरू होतेय."

"न यायला काय झालं!" मास्तर म्हणाले.

चिठ्ठी उघडल्यावर मात्र त्यांचे डोळे विस्फारले. पासवर्ड कसला, मारुतीची शेपटीच ती. इंग्रजी शब्द एकाला एक जोडलेले, मध्येच मोठं अक्षर, मध्येच आकडा, मध्येच उद्गारचिन्ह. मास्तरांनी चष्मा पुसला, रिमोट घेतला आणि कामाला लागले. टीव्हीच्या पडद्यावर अक्षरांचा तक्ता येतो, त्यावर बाणाच्या बटणाने एकेक घर सरकत जायचं आणि हवं ते अक्षर आलं की मधलं बटण दाबायचं. मोठं अक्षर हवं तर खाली कोपऱ्यात जाऊन तक्ता बदलायचा. मग परत वर. मुंगीने डोंगर चढावा तसं ते काम. शेवटच्या उद्गारचिन्हापर्यंत पोचेस्तोवर मास्तरांचा अंगठा आखडला.

टीव्हीने थोडा विचार केल्यासारखं केलं. पांढरं चक्र गरगरलं. मग वाक्य आलं: 'पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

मास्तरांनी पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. एकदा चिठ्ठी भिंतीला चिकटवून, एकदा अक्षर मोठ्याने म्हणत, एकदा प्रत्येक अक्षरावर पेन्सिलीने खूण करत. वाक्य तेच.

"बाबा, झाला का टीव्ही सुरू?" दुपारी खालून हाक आली.

"होतोय, होतोय!"

संध्याकाळी त्यांनी शेवटचा एकदा जोर लावला. पुन्हा तेच वाक्य आलं तेव्हा मास्तर खुर्चीत मागे टेकले आणि पहिल्यांदाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. फोन तर व्यवस्थित चालतोय. फोनमध्ये पासवर्ड तिने स्वतः घातला. टीव्हीसाठी मात्र कागद. काल आवाज कमी करा म्हणाली. आज टीव्ही बंद.

ते चिठ्ठीकडे बघत राहिले. बरोबर पासवर्ड फोनला आणि भलताच कागदावर? छे, छे. पोर गुणाची आहे. पण गुणाची आहे म्हणूनच तोंडावर कशी बोलेल? 'सासऱ्यांचा टीव्ही बंद करा' असं कोणती सून म्हणते? ती असाच सभ्य मार्ग काढणार. साप मरावा आणि काठीही मोडू नये.

आता विचारायला जावं, तर तिची पंचाईत. ती खोटं बोलणार, मग आपल्याला कळणार, मग जन्मभर एकमेकांच्या नजरा चुकवायच्या. त्यापेक्षा झाकली मूठ सव्वा लाखाची. रात्री जेवताना सुनेने पुन्हा विचारलं तेव्हा मास्तर भाताकडे बघत म्हणाले, "टीव्हीचा खरं तर कंटाळाच आलाय मला. डोळे दुखतात."

"खरंच?" सून म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मास्तरांना सुटकेचा भाव दिसला. निदान त्यांना तसं वाटलं.

टीव्हीविना दिवस म्हणजे मास्तरांना शाळेची सुट्टी लागली पण खेळायला कोणी नाही असं झालं. वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचून झालं. खिडकीतून समोरच्या लाँड्रीवाल्याच्या गिऱ्हाइकांची चाल न्याहाळून झाली. फोनवर बँड लावून पाहिला, तर पूर्ण पलटण काडेपेटीएवढी, आणि ट्युबाचा खर्जातला आवाज डास गुणगुणल्यासारखा. त्यांनी फोन उशीखाली घातला आणि कपाटावर नजर टाकली.

ट्रम्पेटची पेटी खाली उतरवली तेव्हा धुळीने चार शिंका आल्या. सूर बदलायच्या तीन दट्ट्यांपैकी दोन घट्ट बसलेले. मास्तरांनी ते खोलून, धुऊन, पुसून, बाजारातून तेलाची कुपी आणून मोकळे केले. दोन दिवस त्यातच मजेत गेले. मग त्यांनी पितळी तोटी ओठांना लावली आणि फुंकर मारली.

म्हशीने जांभई द्यावी तसा आवाज निघाला.

खाली सुनेच्या खोलीत खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मास्तर थबकले. आता येईल आणि म्हणेल, बाबा, जरा हळू. मग तिला म्हणता येईल, "बाई गं, टीव्हीचा आवाज सोसला असतास तर ही वेळ आली नसती!" त्यांनी वाक्य तोंडात घोळवून तयार ठेवलं.

जिन्यात पावलं वाजली. सून दारात आली. तिचे डोळे मोठे झाले होते.

"बाबा! तुम्ही ट्रम्पेट काढलात? मी कधी ऐकलाच नव्हता. वाजवा ना, थांबलात का?"

मास्तरांचं तयार वाक्य घशातच राहिलं. टोमणा मारतेय की काय, त्यांना कळेना. "ओठ गेलेत," ते पुटपुटले. "सराव नाही."

"मग करा सराव!" ती म्हणाली आणि खाली पळाली.

ठीक आहे, मास्तरांनी मनात म्हटलं. तूच म्हणालीस. आता होऊन जाऊ दे.

ते रोज सकाळ-संध्याकाळ वाजवू लागले. आधी नुसते लांब सूर, मग चढ-उतार, मग जुन्या कवायती. पहिले काही दिवस यात थोडी खुन्नसही होती, खोटं कशाला बोला. खालून मीटिंगचा आवाज आला की मास्तरांच्या छातीत आपोआप जास्त हवा भरायची. पण वाद्य मोठं लबाड असतं. खुन्नस म्हणून सुरू केलेला सूर एका सकाळी अचानक गोल आणि स्वच्छ निघाला, खोलीच्या चारही भिंतींना लागून परत आला, आणि मास्तर स्वतःच चकित होऊन खिडकीबाहेर बघत राहिले. समोरचा लाँड्रीवाला इस्त्री हातात धरून वर बघत होता. त्याने मान डोलावली. त्या क्षणापासून मास्तर कोणाला छळायला वाजवेनासे झाले.

उलट आता त्यांनाच चोरट्यासारखं वाटायला लागलं. एकदा पाणी प्यायला खाली आले, तर सुनेच्या खोलीत कोणीच नाही. शोधलं तेव्हा ती मागच्या कोठीच्या खोलीत सापडली. कांद्याच्या पोत्यावर उशी ठेवून बसलेली, लॅपटॉप पिठाच्या डब्यावर, कानात इअरफोन. मास्तरांना बघून तिने हसून अंगठा वर केला.

त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या संध्याकाळी त्यांनी ट्रम्पेट पेटीतून काढलाच नाही.

जेवताना सून सारखी त्यांच्याकडे बघत होती. "बाबा, बरं नाही का? आज वाजवलं नाहीत."

"तुझं काम…"

"माझ्या कामाचं काय? तुम्ही वाजवा. दिवस सुना सुना वाटला मला."

मास्तर पार गोंधळले. टीव्हीचा आवाज नको आणि ट्रम्पेट हवा? या पोरीचं डोकं आहे तरी कसलं? पण विचारायची सोय नव्हती. टीव्हीची गोष्ट काढली की ती चिठ्ठी निघणार. तेव्हा दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वाजवू लागले आणि सून पुन्हा पोत्यावर जाऊन बसली.

अशात एका दुपारी मास्तरांना फोन आला. बँडमधली त्यांची सगळ्यात लाडकी शिष्या बोलत होती. लहानपणी ट्रम्पेट तिच्या हाताहून मोठा होता तेव्हापासून तिला सगळे चिमणी म्हणायचे. आता चिमणीच बँडची मुख्य वादक होती, आणि बँड पहिल्यांदाच परदेशातल्या मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला होता.

"मास्तर, थेट दाखवणार आहेत. तुमच्या टीव्हीवर दिसेल. माझा एकलसुद्धा आहे, मी एकटीनेच वाजवायचा तुकडा. तुम्ही ऐकणार म्हणून भीती वाटतेय."

"ऐकणार तर! पहिल्या रांगेत बसून ऐकणार," मास्तर म्हणाले. फोन ठेवला आणि काळ्या पडद्याकडे बघत बसले. बँडनेच दिलेला टीव्ही, आणि बँडच त्यावर दिसणार नाही. त्यांनी उशीखालून फोन काढला, काडेपेटीकडे बघितलं आणि परत ठेवला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी बायको परतली. रिक्षातून उतरली, बॅग दारात टेकवली, सुनेच्या गालावरून हात फिरवला, वर आली आणि खोलीत पाऊल टाकताच म्हणाली, "अहो, टीव्ही का बंद? मेला की काय?"

"मला कंटाळा आलाय टीव्हीचा."

"तुम्हाला? टीव्हीचा?" बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप तर नाही."

"अगं, हळू बोल."

"हळू कशाला? लग्नाला एवढी वर्षं झाली, तुम्हाला कशाकशाचा कंटाळा येतो ते मला पाठ आहे. खरं काय ते सांगा."

मास्तरांनी दार लोटलं आणि दबक्या आवाजात सगळं सांगितलं. चिठ्ठी दाखवली. फोनला खरा पासवर्ड आणि टीव्हीला खोटा, हेही सांगितलं. "पण तू तिला काही बोलू नकोस. तिची चूक नाही. काम करायचं असतं तिला."

बायको कंबरेवर हात ठेवून ऐकत होती. ऐकून झालं तशी तिने दार उघडलं आणि जिन्यात उभं राहून हाक मारली, "सूनबाई! जरा वर ये गं. तू सासऱ्यांना खोटा पासवर्ड दिलास का?"

मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

सून धावतच वर आली. "खोटा? कुठला खोटा?" तिने चिठ्ठी हातात घेतली, आपल्या फोनमधल्याशी ताडून पाहिली. "बरोबर आहे की हा! बाबा, टीव्ही लागलाच नाही? एवढे दिवस? मग तुम्ही म्हणालात ना, कंटाळा आला म्हणून?"

"म्हणावं लागलं," मास्तर म्हणाले. "मला वाटलं, आवाजाचा त्रास होतो म्हणून तूच…"

"मी टीव्ही तोडला?" सून खाली बसलीच. "आणि मला वाटत होतं, तुम्हाला परत वाजवावंसं वाटलं म्हणून तुम्ही टीव्ही सोडला! तुमचा हुरूप जाऊ नये म्हणून मी कांद्याच्या पोत्यावर बसून मीटिंगा केल्या. माझ्या कपड्यांना वास येतो कांद्याचा!"

"मी तुझ्यावर सूड उगवत होतो," मास्तरांनी कबूल केलं. "निदान सुरुवातीला."

मग सुनेच्या तोंडून हसू फुटलं, ते मास्तरांना लागलं, आणि दोघं अशी हसायला लागली की बायकोला आपली बॅग स्वतःच वर आणावी लागली.

"दोघंही एवढी चांगली आहात की घराचं वाटोळं व्हायचं," ती म्हणाली. "आता तो टीव्ही लावा आधी, संध्याकाळी त्यावर चिमणीचा एकल आहे."

"बघू, मी घालते," सून म्हणाली आणि रिमोट घेऊन बसली. एकेक अक्षर तिने नीट घातलं. चक्र फिरलं. 'पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

सून पडद्याकडे बघत राहिली. मास्तरांच्या चेहऱ्यावर असा काही प्रकाश पडला होता, की जणू कोर्टाने निकाल त्यांच्या बाजूने दिला.

"असं कसं? याच पासवर्डवर तुमचा फोन चालतो, माझा चालतो, लॅपटॉप चालतो." तिने ऑफिसातल्या कॉम्प्युटर बघणाऱ्या माणसाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला.

"टीव्ही किती जुना?" पलीकडच्याने पहिला प्रश्न विचारला.

"मी निवृत्त झालो तेव्हाचा," मास्तर म्हणाले.

"म्हणजे बराच. ताई, तुम्ही नुसता पासवर्ड नाही बदललात. आपल्या सूचनेप्रमाणे राउटरवर सुरक्षेचा प्रकारही बदललात ना? डब्ल्यूपीए-थ्री केलंत?"

"हो. फक्त तोच ठेवा असं लिहिलं होतं."

"मग टीव्ही यायचाच नाही. तो डब्ल्यूपीए-टूच्या काळातला. नवीन पद्धतीत ओळख पटवायची रीतच वेगळी आहे, आणि ती त्याला शिकवलेलीच नाही. टीव्हीसाठी नवीन सॉफ्टवेअर येतंय का बघा."

सुनेने मास्तरांच्या फोनवरून कंपनीच्या साइटवर शोधलं. कंपनीने ते पाठवणं केव्हाच बंद केलं होतं.

"पण मग तो पासवर्ड चुकला असं का म्हणतो?" मास्तरांनी विचारलं. "खरं कारण सांगायला काय होतं त्याला?"

"काका, त्याला खरं कारण कळतच नाही. जोडणी जमली नाही एवढंच कळतं, आणि त्याच्याकडे तेवढं एकच वाक्य आहे."

मास्तरांनी टीव्हीकडे जरा मायेने पाहिलं. एवढे दिवस त्या एका वाक्यावर त्यांनी सुनेला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं, आणि ते वाक्य बोलणाऱ्यालाच काही ठाऊक नव्हतं.

फोनवरच्या माणसाने सांगितलं, खात्री करायला राउटर दोन्ही पद्धती चालतील असा थोडा वेळ ठेवून बघा. सून खाली जाऊन लॅपटॉप घेऊन आली. राउटरच्या पानावर जाऊन तिने तसं केलं. वाय-फाय क्षणभर गेलं आणि परत आलं. मग तिने पुन्हा रिमोट घेतला. बायको तिच्या शेजारी येऊन बसली. सून अक्षर निवडायची, मास्तर चिठ्ठीवरून पुढचं सांगायचे.

'पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा प्रयत्न करा.'

"अरे देवा," सून म्हणाली. "आता काय?"

"परत एकदा घाल," बायको म्हणाली. "मला काहीतरी दिसलं."

"काय दिसलं?"

"तू घाल तर."

सून घालत गेली. प्रत्येक अक्षराबरोबर वरच्या चौकटीत एक ठिपका उमटत होता. बायको चष्मा नाकावर ढकलून ठिपक्यांकडेच बघत होती. अर्ध्याच्या बरंच पुढे गेल्यावर तिने सुनेचा हात धरला.

"थांब. हे बघ. तू दाबतेयस, पण ठिपका वाढत नाही. मघाशीही असंच झालं. मला वाटलं, माझेच डोळे."

सुनेने आणखी एक अक्षर दाबलं. ठिपका नाही. आणखी एक. नाही. तिने ठिपके मोजले. बत्तीस. मग चिठ्ठीवरची अक्षरं मोजली. ती बरीच जास्त होती.

"याची चौकटच बत्तीसला भरते," ती हळूच म्हणाली. "पुढचं सगळं सांडतंय. बाबा, तुम्ही घातलेलं शेवटचं उद्गारचिन्ह कधी आत गेलंच नाही."

"म्हणजे एक दार त्याला उघडता येत नव्हतं," मास्तर म्हणाले, "आणि जे उघडता आलं असतं, त्याची किल्ली खिशात मावत नव्हती."

फोनवरचा माणूस अजून ऐकत होता. तो हसला. "काकूंना आमच्याकडे नोकरीला घ्यायला हवं. ताई, असं करा, राउटर पुन्हा होता तसा घट्ट करून ठेवा. कामाचा लॅपटॉप त्यावरच राहू दे. आणि पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क चालू करा. त्याला जुनी पद्धत लावा, आटोपशीर पासवर्ड द्या. टीव्ही तिकडे. पाहुण्यांच्या बाजूने तुमच्या लॅपटॉपपर्यंत कोणाला पोचता येत नाही. आणि हो, काकांना विचारा, आज वाजवणार का?"

"काय?" मास्तर दचकले.

सून लाजली. "ऐकू जातं बाबा त्यांना. मी बोलताना माइक सुरू असतो ना. पहिले दोन-तीन दिवस कुरकुर झाली. मग साहेबच एकदा म्हणाले, आज तुमच्याकडचा ट्रम्पेट नाही का? म्हणून तर मी विचारलं होतं तुम्हाला त्या दिवशी."

मास्तरांनी घसा खाकरला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आज नाही," ते फोनकडे तोंड करून म्हणाले. "आज मला ऐकायचंय."

पाहुण्यांच्या नेटवर्कला नाव काय द्यायचं यावर जरा वाद झाला. मास्तरांना 'बँड' हवं होतं, सुनेला 'कांदा'. शेवटी बायकोने 'माहेर' सांगितलं आणि कोणाची हरकत राहिली नाही. पासवर्डही तिनेच ठरवला. राउटर आठ अक्षरांच्या खाली घेत नव्हता, तेव्हा तिने पुरेसा लांब पण तोंडात बसणारा एक निवडला, आणि बाहेरच्या कोणाला सांगायचा नाही अशी तिघांनीही शपथ घेतली. मास्तरांनी स्वतः रिमोट घेतला. बायको प्रत्येक ठिपका मोठ्याने मोजत होती.

चक्र फिरलं. जरा जास्तच वेळ फिरलं. तिघंही श्वास रोखून.

'जोडले गेले.'

मास्तर खुर्चीतून असे उठले की रिमोट उडून पलंगाखाली गेला. बायकोने टाळ्या वाजवल्या. सून रिमोट काढायला पलंगाखाली आडवी झाली आणि तिथूनच ओरडली, "आवाज मोठा करू का, बाबा?"

"तुझी मीटिंग?"

"आज सुट्टी टाकते अर्ध्या दिवसाची. चिमणीताईंचा एकल मला पण ऐकायचाय."

संध्याकाळी तिघं रांगेत बसली. पडद्यावर मोठं सभागृह, आणि त्यात निळ्या कोटातला आपला बँड. मास्तर एकेकाला ओळखून दाखवत होते. हा ढोलवाला वक्तशीर, ही शिंगवाली रडकी पण सुरेल, हा मागचा नवीन दिसतोय. सून प्रश्न विचारत होती आणि मास्तरांना उत्तरं द्यायला जीभ पुरत नव्हती. आता ऐक, आता शिंगं आली, आता खालून ट्युबा, पायाखालची जमीन तीच, ऐकू येतेय का? सुनेला ऐकू आली. तिने असा काही चेहरा केला की मास्तरांना रिमोटने ताल धरायचं भानच राहिलं नाही.

मग बाकीचे थांबले आणि चिमणी उभी राहिली. तिने पहिला सूर लावला तो पिसासारखा हलका. हळूहळू तो वाढत गेला. मास्तरांचे ओठ नकळत आवळले होते, जणू फुंकर तेच मारत होते. शेवटचा सूर लांबच लांब, वर चढत गेलेला, आणि अगदी टोकाला, जिथे तो तुटेल असं वाटतं तिथे, चिमणीने तो सोडला. सभागृह उभं राहिलं. वरच्या खोलीतही तिघं उभी राहिली, आणि समोरच्या दुकानातून लाँड्रीवाल्याने शिट्टी वाजवली, कारण आवाज त्याच्यापर्यंतही पोचला होता.

बँडचा दुसरा नंबर आला. मास्तरांच्या मते परीक्षकांना कानांचा आजार होता.

जरा वेळाने फोन वाजला. मागे खूप गलका होता. "मास्तर! बघितलंत?"

"बघितलं आणि ऐकलंसुद्धा. शेवटच्या सुराआधी चोरून श्वास घेतलास."

"कळलं?" चिमणी ओरडली. "इथे कोणालाच कळलं नाही!"

"मला कळलं. पण चोरी इतकी सुंदर होती की माफ. परत आल्यावर घरी ये, तुला मी काहीतरी वाजवून दाखवणार आहे."

"तुम्ही? वाजवताय?"

मास्तर फोन घेऊन खिडकीशी गेले आणि बोलत सुटले. ओठ कसे परत आले, कोणता सूर अजून दगा देतो, दट्ट्यांना कोणतं तेल घातलं. मागे टीव्हीवर पहिला आलेला बँड पुन्हा वाजवत होता. बायको आणि सून खालच्या स्वयंपाकघरात गेल्या होत्या, कारण दिवसभर कोणाच्या पोटात धड काही गेलं नव्हतं. खालून भांड्यांचा आवाज येत होता आणि त्यावरून सुनेचं हसणं. बायको तिला बहिणीच्या गुडघ्याची गोष्ट सांगत होती.

"अहो," थोड्या वेळाने खालून हाक आली, "जेवायला या, नाहीतर ताट वर आणू का?"

"वर आण!" मास्तर म्हणाले. "तिघांचीही आण. बक्षीस समारंभ राहिलाय अजून."